परत येणाऱ्या सहकाऱ्याला काय लिहावं?

ऑफिसात एखादा सहकारी बिनपगारी रजेवर निघाला की शेवटच्या आठवड्यात एक कार्ड टेबलांवरून फिरू लागतं. आठ महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त काळ तो माणूस दिसणार नसतो. कार्ड हातात आलं की पेन थबकतं. निवृत्तीला काय लिहायचं ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. बदलीला काय लिहायचं तेही ठरलेलं असतं. हा माणूस मात्र निवृत्त होत नाही, त्याची बदली झालेली नाही, त्यानं राजीनामाही दिलेला नाही. हजेरीपटावर त्याचं नाव राहणार आहे आणि काही महिन्यांनी तो पुन्हा रुजू होणार आहे. मग हात आपोआप ओळखीच्या वाक्यांकडे वळतो आणि कार्डावर ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ उमटतं. ज्याला आपण ‘भेटू पुन्हा’ म्हणायला निघालो होतो, त्याला आपण नकळत कायमचा निरोप दिलेला असतो.

हा मजकूर नीट लिहायचा तर आधी त्या रजेचं स्वरूप समजून घ्यायला हवं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981’ आहेत. त्यांत बिनपगारी रजेला ‘असाधारण रजा’ म्हटलं आहे. खात्यावर दुसरी कुठलीच रजा शिल्लक नसेल तेव्हा ती मिळते. दुसरी रजा शिल्लक असूनही कर्मचाऱ्यानं लेखी अर्ज करून हीच मागितली, तरी ती देता येते. पण कुठलीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. ती मंजूर व्हावी लागते. कायम कर्मचाऱ्याचा पदावरचा धारणाधिकार रजेच्या काळात टिकतो, म्हणजे नोकरी शाबूत राहते. परत आल्यावर तेच टेबल मिळेल, याची खात्री मात्र कुणी देत नाही.

खासगी नोकरीत तेवढाही आधार नसतो. घरच्या माणसाची शुश्रूषा करायला किंवा शिकायला लांबलचक बिनपगारी रजा द्यायलाच हवी, असं मालकाला बांधून घालणारा कायदा आपल्याकडे नाही. सगळं त्या कंपनीच्या धोरणावर आणि हातात पडलेल्या पत्रावर अवलंबून असतं. पगार नाही म्हणून त्या महिन्यांत भविष्य निर्वाह निधीचा भरणा होत नाही. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा त्या काळात चालू राहतो की नाही, हे आधी विचारून घ्यावं लागतं. सरकारी नोकरीत वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेल्या अशा रजेमुळे वेतनवाढ लांबू शकते.

म्हणजे जाणारा माणूस सुट्टीवर चाललेला नसतो. घरातली एक मिळकत थांबवून, बढतीच्या रांगेत थोडं मागे पडायचं पत्करून तो निघालेला असतो. परतीची वाट उघडी आहे, पण तिच्यावर बऱ्याच जर-तरच्या पाट्या आहेत. आपला मजकूर जाऊन पडणार असतो तो या अशा मनःस्थितीत.

एक उदाहरण पूर्ण घेऊन पाहू. ते कुणा एका व्यक्तीचं नाही, पण सरकारी कचेरीत वावरलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. तालुक्याच्या गावचं एक कार्यालय. आस्थापना शाखेत एक वरिष्ठ लिपिक आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. दर महिन्याला ‘सेवार्थ’वर सगळ्यांची पगारबिलं त्याच काढतात. त्यांच्या आईला कर्करोग आहे. आता उपचारांनी बरं होण्याची आशा उरलेली नाही, वेदना कमी ठेवायच्या आणि घरीच सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. भाऊ परदेशी. दवाखान्यांच्या फेऱ्यांत अर्जित रजा संपली. ताईंनी आठ महिन्यांची असाधारण रजा मागितली आणि ती मंजूर झाली. आईबद्दलची खरी गोष्ट त्यांनी दोघा-तिघांनाच सांगितली आहे. बाकीच्यांना ‘घरगुती अडचण’ एवढंच ठाऊक आहे.

आता कार्ड फिरतं आणि कुणीतरी मनापासून लिहितं:

“आदरणीय ताई, या कार्यालयातील आपली सेवा अविस्मरणीय होती. आपली उणीव आम्हाला सदैव भासेल. आपल्या मातोश्री लवकर बऱ्या होवोत ही ईश्वरचरणी प्रार्थना. पूर्ण विश्रांती घ्या, ऑफिसची अजिबात काळजी करू नका. लवकरात लवकर परत या, तुमच्याशिवाय पगारबिलं कोण काढणार? तुमची खुर्ची तुमचीच राहील. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!”

यात वाईट हेतूनं लिहिलेला एकही शब्द नाही. तरी ताई हे कार्ड घरी नेऊन रात्री वाचतील तेव्हा त्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुठे ना कुठे टोचेल. का, ते एकेक करून पाहू.

पहिल्या ओळीत ‘होती’ आहे. हा भूतकाळच सगळ्यात घात करतो. ताई अजून नोकरीत आहेत, त्यांचं सेवापुस्तक उघडं आहे आणि आपण मात्र त्यांची सेवा संपवून टाकली. ‘तुम्ही किती मदत करायचात’, ‘तुमचं हसणं आठवेल’, ‘तुमच्यासोबत काम करणं भाग्याचं होतं’ ही सगळी त्याच कुळातली वाक्यं. निरोप समारंभात आणि श्रद्धांजलीतही ती जशीच्या तशी चालतात. म्हणून लिहून झाल्यावर क्रियापदांवरून एकदा नजर फिरवावी आणि जिथे ‘होता, होती, होतात’ दिसेल तिथे ‘आहे, आहात’ बसतं का ते पाहावं. ‘तुम्ही काढलेल्या बिलात कधी चूक सापडत नाही’ हे वाक्य वर्तमानकाळात आहे. एवढ्यानंच ताई त्या ऑफिसच्या राहतात. ‘सदैव’लाही हेच लागू. आठ महिन्यांच्या रजेला सदैव उणीव भासण्याचं कारण नाही.

आईसाठी केलेली प्रार्थना दोन कारणांनी चुकते. एक तर सगळ्या ऑफिसच्या नजरेखालून जाणाऱ्या कार्डावर ताईंचं घरचं कारण लिहिलं गेलं. त्यांनी दोघा-तिघांना सांगितलं होतं, आता आवक-जावकपासून साहेबांच्या केबिनपर्यंत सगळ्यांना कळलं. दुसरं असं की ‘लवकर बऱ्या होवोत’ हे होणार नाही, हे ताईंना माहीत आहे. ज्यांना खरी परिस्थिती ठाऊक नाही त्यांनी असं लिहिलं तर समजण्यासारखं आहे. तरी ते वाचताना त्यांना एकट्यानंच ते सत्य पुन्हा एकदा गिळावं लागतं. रजेचं कारण हा रजा घेणाऱ्याचा खासगी ऐवज आहे. त्यानं स्वतः सर्वांसमोर सांगितलं असेल तरच ते कार्डावर यावं.

‘पूर्ण विश्रांती घ्या’ हे तर नेहमीचंच. पगार बंद करून घरी बसणारा माणूस विश्रांतीसाठीच बसतो, अशी आपली एक समजूत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा म्हणजे काय, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच कळतं. दर काही तासांनी कूस बदलून द्यायची, औषधांच्या वेळा पाळायच्या, रात्री कण्हण्याचा आवाज आला की उठायचं. ऑफिसात निदान दुपारी डबा खायला अर्धा तास मिळायचा. अशा माणसाला ‘मजा करा’, ‘नशीबवान आहात, सुटलात’ असं म्हणणारेही भेटतात. शिकायला निघालेल्यालाही हेच ऐकावं लागतं. तोही साठवलेल्या पैशांवर, परीक्षेची धास्ती घेऊनच निघालेला असतो.

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी ओळ आहे ‘लवकरात लवकर परत या’. दिसायला ती सगळ्यात प्रेमळ. पण ताई लवकर परत येणार म्हणजे काय होणार? त्यांची आई लवकर जाणार. आठ महिन्यांची रजा चार महिन्यांत संपली तर त्याचा अर्थ एकच असू शकतो. हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसतं, वाचणाऱ्याच्या मात्र ते लगेच मनात येतं. शुश्रूषेसाठी निघालेल्या माणसाला घाईची शुभेच्छा कधीच देऊ नये. ‘तुम्हाला लागेल तेवढा वेळ मिळो’ हे अशा वेळी ‘लवकर या’पेक्षा कितीतरी जास्त मायेचं वाक्य आहे. शिकायला गेलेल्याला ‘लवकर ये’ म्हणणं म्हणजे अभ्यास अर्धवट टाकून ये म्हणण्यासारखं. स्वतःच्या आजारपणासाठी रजा घेतलेल्याला ‘लवकर’ म्हटलं तर पुरतं बरं वाटायच्या आधीच रुजू होण्याचा दबाव येतो. एखाद्या रजेत ‘लवकर’ चालतही असेल, पण तो शब्द गाळून काही बिघडलं असं कधी दिसलेलं नाही.

‘तुमच्याशिवाय पगारबिलं कोण काढणार?’ यात कौतुक आहे, पण ते अपराधाच्या भावनेत गुंडाळलेलं. ताईंना आधीच वाटत असतं की आपण सगळ्यांवर कामाचा बोजा टाकून चाललो आहोत. त्याच वाटण्यावर हे वाक्य बोट ठेवतं. शिवाय एका ओळीपूर्वीच आपण ‘ऑफिसची काळजी करू नका’ असं लिहिलं होतं. काळजी करू नका म्हणून काळजी जात नसते. काम कुणाकडे गेलं आणि ते कसं चाललं आहे, हे कळलं की ती कमी होते.

राहिली ‘तुमची खुर्ची तुमचीच राहील’ ही ओळ. ती देण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे नाही. धारणाधिकार नियमानं टिकतो, पण कोणतं टेबल कुणाकडे द्यायचं ते कार्यालयप्रमुख ठरवतात. आठ महिन्यांत साहेब बदलतील, कदाचित शाखाही बदलतील. खासगी कंपनीत तर वर्षभरात अख्खा विभाग दुसऱ्या शहरात गेल्याचीही उदाहरणं असतात. ताई परत आल्यावर त्यांना दुसरं टेबल मिळालं तर हेच कार्ड त्यांना खोटं वाटेल.

इथे मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगावीशी वाटते. ‘भेटू पुन्हा’ हा शब्द देणं असतं आणि लेखणीतून तोच शब्द द्यावा जो आपल्या हातानं पाळता येईल. नोकरी टिकेल, खुर्ची राहील, आई बरी होईल, सगळं नीट होईल, यांतलं काहीही आपल्या हातात नसतं. आपल्या हातात असतात त्या फार लहान गोष्टी. पण नेमक्या त्याच गोष्टी जाणाऱ्याला सांगतात की इथे माझी वाट बघणारं कुणीतरी आहे.

अशा गोष्टी प्रत्येक ऑफिसात निघतात. ताईंच्या बाबतीतच पाहा. असाधारण रजेचा आदेश निघाला की त्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हावी लागते. ती राहून गेली तर पुढे वेतनवाढीच्या वेळी किंवा अगदी निवृत्तीच्या वेळी कागदपत्रांचा घोळ होतो आणि तो निस्तरता निस्तरता माणूस मेटाकुटीला येतो. हे काम ताई आजवर इतरांसाठी करत आल्या. आता त्या टेबलावर बसणारा सहकारी ‘तुमच्या रजेची नोंद मी स्वतः करून घेतो आणि तुम्हाला फोटो पाठवतो’ असं लिहू शकतो. या एका वाक्यात पाच शुभेच्छांहून जास्त बळ आहे. खासगी कंपनीत कुणी म्हणू शकतो, ‘विम्याचं काय ठरलं ते एचआरकडून लेखी मागून तुला पाठवतो.’ शिकायला निघालेल्याला, ‘रजा वाढवायची वेळ आली तर अर्जाची मुदत मी आठवणीत ठेवतो.’ मुदतीनंतर अर्ज गेला आणि दरम्यान माणूस रुजू झाला नाही, तर विनापरवाना गैरहजेरीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ही आठवण खरोखर उपयोगाची.

हे सगळं ध्यानात घेऊन ताईंच्या जागी बसणारा सहकारी काय लिहील? कार्डावर सगळ्यांच्या समोर दोनच ओळी:

“ताई, पगारबिलांची वही माझ्याकडे आहे आणि तुमच्याच पद्धतीनं चालू ठेवतोय. तुम्ही आलात की तपासून घ्या. भेटूच.”

आणि चार्ज देऊन झाल्यावर, संध्याकाळी त्यांच्या नंबरवर वेगळा मेसेज:

“ताई, घरी पोचला असाल. तुम्ही करून दिलेली यादी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, बहुतेक अडचणी तिच्यातच सुटतील. अगदीच अडलो तर आठवड्यातून एकदाच विचारीन, तेही दुपारी तीननंतर. तुमच्या रजेची सेवापुस्तकात नोंद या महिन्यात करून घेतो आणि फोटो पाठवतो. आईंजवळ तुम्हाला हवा तेवढा वेळ मिळो. गावात असलोच, तर औषधं आणायला किंवा रात्री गाडी लागली तर मला आधी फोन करा. मी मधूनमधून इकडच्या बातम्या कळवत राहीन, त्यांना उत्तर दिलंच पाहिजे असं अजिबात नाही. तुम्ही परत याल तेव्हा एक अख्खी दुपार बसू आणि काय काय बदललं ते सगळं सांगेन. तोवर गाऱ्हाणी साठवून ठेवतो. या सावकाश.”

हा मेसेज लिहिणारा त्या दोघा-तिघांपैकी आहे, म्हणूनच त्यात आईंचा उल्लेख आला, आणि तोही फक्त ताईंच्या फोनवर. बरं होण्याबद्दल तो काहीच बोलत नाही. मदत म्हणताना ‘काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर थांबत नाही. त्या वाक्यावर कुणी फोन करत नाही, कारण काय मागायचं आणि मागितलेलं चालेल का, हे ठरवण्याचं ओझं ते मागणाऱ्यावरच टाकतं. औषधं आणि रात्रीची गाडी या दोन ठरावीक गोष्टी पुढे ठेवल्या की मागणं सोपं होतं. कामासाठी विचारायचंच तर किती वेळा आणि कधी, हेही त्यानं सांगून टाकलं. ही मर्यादा लिहून ठेवली नाही तर ‘एकच मिनिट ताई’ म्हणत दिवसाला तीन फोन जातात आणि रजा नावालाच उरते.

मेसेजमध्ये परतीची तारीख नाही, हेही मुद्दाम. ‘1 तारखेला भेटू’ असं लिहिलं की रजा वाढवावी लागल्यास माणसाला वाटतं, आपण शब्द मोडला. अशा रजा अनेकदा वाढतात. रजा संपण्याआधीच यायचं झालं तर त्यालाही वरिष्ठांची परवानगी लागते. म्हणून तारखेऐवजी ‘तुम्ही याल तेव्हा’ पुरे. ज्या रजेचा शेवट नक्की माहीत आहे, जसा एखादा अभ्यासक्रम, तिथे ‘पुढच्या गणपतीला आरतीला तू इथेच असशील’ असं सैल म्हटलं तरी गोड वाटतं. पण शुश्रूषेच्या किंवा आजारपणाच्या रजेत सणाचाही हवाला देऊ नये. तो सण घरात साजरा होईल की नाही, हे त्या घरालाही ठाऊक नसतं.

नात्याप्रमाणे आवाज बदलेल. वरिष्ठांना लिहिताना मोकळेपणा थोडा आवरावा आणि कामाचा शब्द पुढे ठेवावा: “सर, प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा दर महिन्याच्या शेवटी तयार ठेवतो. आपण रुजू झाल्यावर एका बैठकीत सगळं समोर ठेवता येईल.” बरोबरीच्या मित्राला अरे-तुरेत: “तू नसताना तुझ्या वाट्याचा चहा मी पिणार, हिशेब मांडून ठेवतो, आल्यावर वसूल कर.” हाताखालच्या माणसाला लिहिताना साहेबांनी एक पथ्य पाळावं. त्यांचा प्रत्येक शब्द आश्वासन म्हणूनच घेतला जातो, म्हणून जे लेखी आदेशात नाही ते कार्डावर येऊ नये. “तुमचा रजेचा आदेश माझ्या सहीनं निघाला आहे, परत आल्यावर आधी मला भेटा, कामाची घडी आपण मिळून बसवू” एवढं पुरतं आणि ते पाळताही येतं. बाळंतपणाची पगारी रजा संपल्यावर पुढे बिनपगारी रजा घेणाऱ्या मुलींना ‘आता काय, बाळात रमणार, कशाला येतेस परत’ असं थट्टेत म्हटलं जातं. त्या थट्टेचा अर्थ त्या मुली बरोबर ओळखतात. ती लिहू नये आणि बोलूही नये. वडिलांना सांभाळायला रजा घेणाऱ्या पुरुषाला ‘घरी बायको नाही का?’ असं विचारण्याची खोडही त्याच जातीची.

शेवटच्या दिवशी काय करायचं, यावरही त्या मजकुराचा अर्थ ठरतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ओळीनं भाषणं हा निवृत्तीचा थाट आहे. तो केला की कार्डात ‘भेटूच’ लिहूनही निरोपच दिल्यासारखं होतं. चहा आणि बटाटेवडे, सगळे एकत्र बसलेत, एवढं पुरे. वर्गणी काढून शोभेची वस्तू देण्यात पैसे घालवू नयेत. ज्याचा पगार पुढचे कित्येक महिने थांबणार आहे त्याच्या घरी भिंतीवरचं घड्याळ कामाचं नाही. जमलेली रक्कम पाकिटातून, कुणी किती दिले ते न सांगता द्यावी. संकोच होईल असं वाटलं तर घरी लागणारं सामान द्यावं.

मेसेज कुठे पाठवायचा, हीही कामाची बाब आहे. पुष्कळ कंपन्या लांबच्या रजेत ऑफिसचा ईमेल आणि लॉगिन बंद ठेवतात. तिथे शेवटच्या दिवशी पाठवलेला मजकूर कुणी वाचतच नाही, म्हणून तो खासगी नंबरवरच जावा. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय करायचं, ते जाणाऱ्यालाच विचारावं. न विचारता काढून टाकलं तर ‘अमुक यांना काढले’ ही ओळ सगळ्यांच्या पडद्यावर उमटते आणि तिचा घाव कार्डातल्या सगळ्या शब्दांवर मात करतो. ठेवलं तर रात्री दहाला येणारी ‘तातडीची माहिती’ त्यालाही घरी बसून वाचावी लागते. कुणी ग्रुप मूक करून राहील, कुणी स्वतःहून बाहेर पडेल. निर्णय त्याचा असावा एवढंच.

लिहून झालेला मजकूर पाठवण्याआधी एक कसोटी लावावी. समजा, हा माणूस काही कारणानं परत आलाच नाही. रजेच्या शेवटी त्यानं राजीनामा दिला, किंवा घराजवळ दुसरी नोकरी धरली. असं होतं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. तेव्हा त्यानं हा मेसेज पुन्हा उघडला तर त्याला लाज वाटेल का? ‘वाट बघतोय, फसवू नकोस’ लिहिलं असेल तर वाटेल. ‘रजेची नोंद करून घेतो, मधूनमधून कळवत राहीन’ लिहिलं असेल तर वाटणार नाही. उलट आपला शब्द पाळला गेला, एवढंच त्याला आठवेल. परतीची आशा दाखवावी, पण परतीचं कर्ज गळ्यात घालू नये.

आणि मग खरं काम सुरू होतं ते कार्ड दिल्यानंतर. पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांचे फोन येतात, तिसऱ्या महिन्यापासून बंद होतात. रजेवरच्या माणसाला आपण विसरले गेलो असं वाटू लागतं ते याच काळात. तेव्हा पाठवलेली चार साधी वाक्यं मोलाची ठरतात: नवे साहेब आले, कँटीनमध्ये पोहे परत सुरू झाले, तुमच्या रजेची नोंद झाली, हा फोटो. ‘कधी येताय?’ हा प्रश्न त्यात नसावा. आई गेल्याची बातमी आली तर सांत्वनाला जावं आणि रुजू होण्याचा विषय तिथे काढू नये. उरलेली रजा त्यांना दुःखासाठीही हवी असू शकते.

ताई ज्या दिवशी रुजू अहवाल देतील त्या दिवशी त्यांच्यासाठी बसायला जागा, चालू असलेला संगणक आणि ‘सेवार्थ’चा सुरू झालेला लॉगिन, एवढी तयारी आदल्या दिवशीच करून ठेवावी. नव्या तरतुदी, बदललेले नमुने आणि नवे अधिकारी कुणाला कसे चालतात हे सांगायला एकानं पहिला आठवडा त्यांच्याबरोबर बसावं. मेसेजमध्ये कबूल केलेली ती अख्खी दुपारही त्याच आठवड्यात काढावी, मग मार्चअखेर असली तरी.